गिझरमधली झिजणारी कांडी

वाचकहो, आपल्या आजीच्या काळात न्हाणीघरात तांब्याचा बंब असे. वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि पाडव्याला, आजी तो चिंचेने घासून लख्ख करी. बाहेरून तर करीच, पण आतला पांढरा थरही खरवडून काढी. तो थर काढला नाही तर पाणी तापायला उशीर लागतो आणि सरपण जास्त जळते, हे तिला अनुभवाने ठाऊक होते. आता बंब गेले आणि भिंतीवर विजेचे गिझर आले. पाणी मात्र तेच बोअरचे राहिले, किंबहुना पूर्वीपेक्षा जड झाले. आणि गिझर आतून बघायचा असतो हे आपल्याला कोणी सांगितलेच नाही.

सांगोला तालुक्यातील एका वाडीवर घडलेली गोष्ट आज सांगतो. त्या वाडीवर डाळिंबाच्या बागा पाहण्यासाठी माझे जाणे-येणे आहे. दोघे सख्खे भाऊ शेजारी शेजारी बंगले बांधून राहतात. बोअर एकच, पण वरच्या टाक्या वेगळ्या. सन २०१९ च्या दिवाळीत दोघांनी एकाच दुकानातून, एकाच बनावटीचे, २५ लिटरचे दोन गिझर आणले. चार वर्षांनी थोरल्याचा गिझर गोठ्यामागे भंगारात पडला होता आणि धाकट्याचा जीवावर उठला होता. गिझर एक, पाणी एक, पण दोघांचे दुखणे निराळे. दोन्ही दुखणी समजून घेतली तर आपल्या घरचा गिझर वाचेल.

थोरल्याचा गिझर

"साहेब, कुजक्या अंड्यासारखा वास यायचा बघा गरम पाण्याला," थोरले दादा मला सांगत होते. "पाहुण्यांनी नाक धरलं. मग मेकॅनिकला बोलावलं. त्यानं खालून उघडलं, आतली एक कांडी काढली, म्हणाला हिच्यामुळंच वास येतो, हिचं काही काम नसतं. वास गेला. आम्हीबी खूश."

हे झाले २०२० च्या पावसाळ्यात. सन २०२२ च्या अखेरीस गिझरच्या बुडाखालून लाल पाणी ठिबकू लागले. दादांनी टाकी उतरवून गावातल्या वेल्डरकडे नेली. त्याने ठिगळ मारले. आठ दिवसांत ठिगळाच्या कडेने पुन्हा गळती लागली. शेवटी नवा गिझर आणावा लागला.

ती जुनी टाकी मी गॅस कटरने उभी कापून घेतली. आत काय दिसले ते सांगतो. गिझरची टाकी साध्या लोखंडी पत्र्याची असते. तिला आतून काचेचा लेप भट्टीत भाजून चढवलेला असतो. आपल्या घरच्या निळ्या-पांढऱ्या चिनी लेपाच्या ताटल्या असतात ना, तसाच हा प्रकार. तो लेप जोपर्यंत शाबूत आहे तोपर्यंत लोखंडाला पाणी लागत नाही. पण लेप कितीही चांगला दिला तरी त्यात कुठे ना कुठे टाचणीच्या टोकाएवढी भोके राहतातच. सांध्याजवळ, काठाशी आणि नळीच्या तोंडाशी ती जास्त असतात. शिवाय टाकी रोज तापते आणि निवते, त्याने बारीक तडे जातात. त्या टाकीत निळा लेप बहुतेक ठिकाणी नव्यासारखा होता. पण बुडाच्या सांध्याशी दोन ठिकाणी गंजाने खड्डे पाडले होते, आणि त्यातला एक आरपार गेला होता. टाकी गंजून खलास झाली नव्हती. ती दोन टाचण्यांच्या भोकांपायी गेली.

वेल्डिंग का टिकले नाही, हेही आता कळेल. वेल्डिंगच्या आचेने आजूबाजूचा काचेचा लेप तडकून उडतो आणि पूर्वी टाचणीएवढे उघडे असलेले लोखंड आता तळहाताएवढे उघडे पडते. म्हणून लेपाची टाकी एकदा आतून फुटली की तिला डॉक्टर नाही.

कांडी काय करते

मेकॅनिकने काढून फेकलेली कांडी म्हणजे मॅग्नेशियम धातूची सळई. अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब, मध्ये लोखंडी तार. बाजारात तिला 'ॲनोड रॉड' म्हणून मागतात. ती टाकीच्या खालच्या झाकणावर, विजेच्या कॉइलच्या शेजारी, स्क्रूने बसवलेली असते.

तिचे काम शेतकऱ्याला चटकन समजेल. टोमॅटोच्या प्लॉटमध्ये आपण मध्ये मध्ये झेंडूच्या ओळी लावतो. फळे पोखरणारी अळी ज्या पतंगापासून होते, तो पतंग टोमॅटोपेक्षा झेंडूवर अंडी घालणे पसंत करतो. झेंडू खाल्ला जातो आणि टोमॅटो वाचतो. याला आपण सापळा पीक म्हणतो. मॅग्नेशियमची कांडी हे टाकीतले सापळा पीक आहे.

मॅग्नेशियम हा लोखंडापेक्षा जास्त चंचल धातू. दोन वेगळे धातू एकमेकांना जोडून पाण्यात ठेवले की त्यांच्यात अगदी मंद वीजप्रवाह सुरू होतो आणि जो चंचल असतो तो विरघळत जातो. दुसरा शाबूत राहतो. जस्त चढवलेली बादली ओरखडा गेला तरी लगेच गंजत नाही, कारण ओरखड्याच्या कडेचे जस्त लोखंडासाठी झिजते. तसेच इथे. काचेच्या लेपातल्या त्या भोकांशी जिथे लोखंड पाण्याला लागते, तिथे गंज चढू न देता कांडी स्वतः झिजते. म्हणजे ही कांडी झिजण्यासाठीच केलेली आहे. झिजलेली कांडी पाहून 'माल खराब निघाला' असे म्हणू नका. ती झिजली याचा अर्थ तिने काम केले. चार वर्षांनी जशीच्या तशी निघाली तरच काळजी करा. मग ती टाकीला नीट जोडलेली नव्हती, नाहीतर क्षाराच्या पापुद्र्याने झाकली गेली होती.

आता सापळा पिकाचा दुसरा नियम आठवा. झेंडू संपला की अळी कुठे जाते? टोमॅटोवर. कांडी संपल्याबरोबर टाकी त्याच दिवशी फुटत नाही, पण त्या दिवसापासून भोकाशी गंज सुरू होतो. थोरल्या दादांच्या घरी कांडी काढल्यापासून साधारण सव्वादोन वर्षांत टाकी गळली.

मग वासाचे काय करायचे?

मेकॅनिक अगदीच खोटे बोलला नव्हता. काही बोअरच्या पाण्यात सल्फेट असते आणि त्यात हवेशिवाय जगणारे एक प्रकारचे जंतू वाढतात. मॅग्नेशियम झिजताना थोडा हायड्रोजन सुटतो. तो या जंतूंच्या उपयोगी पडतो आणि सल्फेटपासून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार होतो. फक्त गरम पाण्याला वास येतो आणि थंड नळाला येत नाही, ही याची खूण. दोन्ही नळांना येत असेल तर दोष बोअरचा किंवा वरच्या टाकीचा समजावा.

पण वास थोरल्याकडेच का आला, धाकट्याकडे का नाही? मी विचारले तेव्हा उलगडा झाला. थोरल्यांचे घर तेव्हा वरचेवर बंद असे. मंडळी महिना-महिना बागेतल्या खोलीवर राहत आणि गिझरमध्ये पाणी तसेच कोमट साचून राही. त्यांच्या वरच्या टाकीचे झाकणही फुटके होते आणि आत शेवाळ होते. जंतूंना याहून चांगली जागा कोणती? धाकट्याकडे पाणी रोज कडक तापत होते आणि रोज संपत होते.

तेव्हा वासावर उपाय असा. वरची टाकी घासून, आरोग्यसेवक सांगतील त्या प्रमाणात टीसीएल टाकून स्वच्छ करा आणि झाकण लावा. गिझरचे तापमान एक दिवस सर्वांत वर ठेवून पाणी चांगले कडक होऊ द्या, मग ते सगळे सोडून द्या. सोडताना ते भाजते, मुलांना लांब ठेवा. घर बंद राहणार असेल तर परत आल्यावर पहिले पाणी वापरू नका, वाहू द्या. एवढ्याने वास गेला नाही, तर मॅग्नेशियमच्या जागी ॲल्युमिनियम-जस्त मिश्रणाची कांडी मिळते, ती त्या गिझरला बसते का ते विचारून लावा. कांडीशिवाय मात्र टाकी चालवू नका.

धाकट्याचा गिझर

आता दुसरे दुखणे. सन २०२३ च्या नोव्हेंबरात धाकट्यांच्या घरी गिझर लावला की मेन बोर्डावरचे आर.सी.सी.बी.चे बटण खाली पडू लागले. हे बटण म्हणजे वीज पाण्यात किंवा अंगात उतरू लागली तर क्षणात पुरवठा तोडणारे. एक वायरमन आला आणि म्हणाला, "हे बटणच नाजूक झालंय. गिझर याला सोडून थेट जोडतो, मग नाही पडणार."

घरातल्या वहिनी पुढे झाल्या. "आमच्या सासूबाई त्या पाण्यानं अंघोळ करतात. बटण पडतंय तर कशानं पडतंय ते आधी सांगा, मग जोडा." त्यांनी थेट जोडू दिले नाही आणि मला फोन केला. वाचकहो, त्या माउलीने त्या दिवशी घरातला एक जीव वाचवला, असे मी म्हणतो. कारण पुढे काय निघाले ते पहा.

तालुक्याहून जाणता मेकॅनिक आणला. त्याने खालचे झाकण काढले तर कॉइल दिसेचना. मक्याच्या कणसाएवढा जाड, पिवळट पांढरा दगड तिच्यावर चढला होता. तो फोडल्यावर आतली तांब्याची नळी एका जागी उललेली दिसली. तिथून विजेची तार पाण्याला भेटत होती. बटण नाजूक झाले नव्हते. ते रोज आपले काम करत होते.

असे का होते? कॉइलची उष्णता पाण्याने ओढून न्यायची असते. मध्ये दगडाचा थर आला की उष्णता कॉइलमध्येच कोंडते, नळी तापून लाल होऊ लागते आणि एक दिवस उलते. लोक म्हणतात, क्षाराने विजेचे बिल वाढते. बंबात तसे होई, कारण अडलेली आच धुराड्यातून वर निघून जाई. विजेची कॉइल मात्र पाण्यातच बुडालेली असते, तिची उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. म्हणून बिलात फारसा फरक दिसत नाही, आणि म्हणूनच आपण गाफील राहतो. भुर्दंड बिलात न येता कॉइलमध्ये येतो.

टाकीच्या बुडाशीही खडा साचला होता. आम्ही तो उन्हात वाळवून डाळिंबाच्या काट्यावर तोलला, तर भरला दोन किलो शंभर ग्रॅम. कांडीकडे पाहिले तर नुसती लोखंडी तार, टोकाशी चिमूटभर मॅग्नेशियम, आणि त्या तारेवरही क्षाराची साल. टॉर्चने आत पाहिले तेव्हा टाकीच्या काठाशी तांबूस ठिपके दिसू लागले होते, पण गळती नव्हती. टाकी थोडक्यात हाती लागली.

आपल्या पाण्याचा हिशेब आपल्याच कागदावर

दोन किलोचा दगड आला कुठून? धाकट्यांकडे ठिबकसाठी केलेल्या पाणी परीक्षणाचा अहवाल होता. आपल्यापैकी अनेकांकडे तो फाइलीत असेल. त्यात तीन आकडे पहा. त्यांच्या अहवालात कॅल्शियम अधिक मॅग्नेशियम ९ मि.इ. प्रति लिटर होते, बायकार्बोनेट ६ मि.इ. होते आणि विद्युत वाहकता, म्हणजे ई.सी., १.६ होती.

पहिल्या आकड्याला ५० ने गुणा, पाण्याची एकूण कठीणता मिळते. ९ गुणिले ५० म्हणजे लिटरला ४५० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत चांगले धरले आहे आणि दुसरा पर्यायच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतले आहे. म्हणजे हे पाणी चांगलेच जड. पण यातला सगळा भाग तापवल्यावर खाली बसत नाही. बायकार्बोनेटच्या जोडीने असतो तेवढाच बसतो. म्हणून दोन आकड्यांतला लहान आकडा घ्या. ६ गुणिले ५० म्हणजे लिटरला ३०० मिलिग्रॅम. पाणी तापले की विरघळलेला चुना विरघळलेला राहत नाही, त्यातून वायू निघून जातो आणि चुनखडीचा खडा बनतो. ठिबकच्या ड्रिपरचे तोंड ज्या पांढऱ्या पुडीने बंद होते, तीच ही.

घरात पाच माणसे. प्रत्येकाच्या बादलीत गिझरचे पाणी साधारण १२ लिटर, बाकी थंड. दिवसाला ६० लिटर झाले. ६० गुणिले ३०० मिलिग्रॅम म्हणजे रोज १८ ग्रॅम. वर्षाचे साडेसहा किलो आणि चार वर्षांचे २६ किलो चुना त्या टाकीतून वाहून गेला. त्यातला जवळपास बारावा हिस्सा टाकीच्या बुडाशी बसला, थोडा कॉइलवर चढला आणि उरलेला पाण्याबरोबर बादलीत गेला. पाणी जितके जास्त तापवाल तितका हा हिस्सा वाढतो, ६० अंशांच्या पुढे तर फारच. म्हणून गिझरला बाहेरून तापमानाचे बटण असेल तर ते ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान ठेवा. आपण तसेही थंड पाणी मिसळतोच. मग ७५ अंशांवर कशाला तापवायचे?

तिसरा आकडा ई.सी.चा, आणि तो कांडीचा आहे. ई.सी. जास्त म्हणजे पाण्यात क्षार जास्त आणि वीज जास्त वाहते. कांडी आणि लोखंड यांच्यातला तो मंद प्रवाह अशा पाण्यात जोराने वाहतो. कांडी टाकीच्या कोपऱ्यापर्यंत राखण चांगली करते, पण संपतेही लवकर. नदीच्या गोड पाण्यावर जी कांडी बरीच वर्षे जाईल, ती अशा बोअरवर दीड-दोन वर्षांत तार होते. म्हणून 'कांडी किती वर्षे टिकते' या प्रश्नाला एक उत्तर नाही. आपल्या पाण्याचे उत्तर आपण काढायचे. कसे, ते पुढे सांगतो.

उघडायचे कसे

हे काम मेकॅनिककडून करून घ्या, पण आपण शेजारी उभे राहा. त्याने काय करावे आणि काय करू नये हे ठाऊक असले म्हणजे झाले.

आदल्या रात्रीपासून गिझर बंद ठेवा, म्हणजे पाणी निवेल. नुसते न्हाणीघरातले बटण बंद करून भागत नाही. वायरिंग उलटे झाले असेल तर बटण बंद असूनही आत वीज असते. मेन स्विच पाडा आणि टेस्टर लावून खात्री करा. मग थंड पाण्याची कॉक बंद करा, गरम नळ उघडा आणि आत येणाऱ्या नळीकडून टाकी रिकामी करा. बाहेर जाणाऱ्या नळीचे तोंड आत वर असते, तिकडून टाकी रिती होत नाही.

खालचे झाकण काढले की तारा दिसतात. त्या सोडण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मग नट सोडून कॉइलची तबकडी खाली ओढायची. कांडी तिच्यावरच असते. कांडी निम्म्याहून बारीक झाली असेल किंवा मधली तार बोटभर उघडी पडली असेल तर बदला. दोन-चारशे रुपयांच्या आसपासची ही वस्तू आहे. जुनी कांडी बरोबर नेऊन त्याच लांबीची आणि त्याच आट्याची आणा. बसवताना आटे घासून स्वच्छ करा आणि त्यावर सफेद टेप गुंडाळू नका. धातूला धातू भिडला तरच तो मंद प्रवाह वाहतो. टेप लावली तर कांडी असून नसल्यासारखी.

कॉइलवरचा दगड काढण्यासाठी किराणा दुकानातले लिंबूसत्व घ्या. एक लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅम पुरते. आधी कांडी आणि रबरी वायसर काढून ठेवा, कारण आंबट पाणी मॅग्नेशियम भराभर खाते. तारांची बाजू कोरडी ठेवून फक्त कॉइल दोन-तीन तास बुडवा. बुडबुडे येतील आणि थर सैल होऊन गळेल. थर जाड असेल तर पाणी बदलून पुन्हा बुडवा. बुडाशी साचलेला खडा हाताने किंवा लाकडी पळीने काढा. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, काचेचा लेप उडतो.

एक ताकीद. ठिबकच्या नळ्या साफ करायला आपण तीव्र आम्ल वापरतो. तेच थोडे गिझरमध्ये ओतावे, असे काहींच्या मनात येते. धाकट्या दादांच्याही आले होते. ते कदापि करू नका. तेजाब चुना विरघळवते तसे लेपाच्या भोकातून लोखंडही खाते. आठ वर्षांचे गंजणे ते एका दुपारी उरकते.

परत बसवताना रबरी वायसर नवा घाला. नट ट्रॅक्टरच्या चाकाचे आवळतो तसे समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. अर्थिंगची तार जागेवर लागली का ते स्वतः पहा. मग कॉक उघडून टाकी भरू द्या. गरम नळातून अखंड धार येईपर्यंत थांबा, मगच वीज लावा. रिकाम्या टाकीत कॉइल लावली तर ती काही क्षणांत जळते.

कोणते पाणी ठिबकले तर घाबरावे?

थंड पाण्याच्या नळीवर एक छोटा सुरक्षा वॉल्व्ह असतो. पाणी तापले की फुगते. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवले तर सुमारे ३५० मिलिलिटरने वाढते. परत मागे जायला वाट नसेल तर तेवढे पाणी या वॉल्व्हमधून ठिबकते. ते ठिबकणे ठीक आहे. त्याचे तोंड कोणी बूच मारून बंद केले असेल तर आजच्या आज ते काढा, नाहीतर टाकी फुटण्याची भीती. जड पाण्यात हा वॉल्व्हही क्षाराने चिकटतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा त्याची दांडी उचलून पाणी सुटते का पहा.

तबकडीच्या कडेने ठिबकत असेल तर वायसर गेला, तो बदलता येतो. पण तबकडी कोरडी आणि बाहेरच्या आवरणातून तांबूस पाणी येत असेल, तर टाकी गेली. त्या आधीच्या खुणा कानांनी आणि डोळ्यांनी कळतात. तापताना फुटाणे फुटल्यासारखा आवाज येणे म्हणजे कॉइलवर थर चढला. बादलीच्या तळाशी पांढरे कण येणे म्हणजे बुडाशी खडा साचला. फक्त गरम नळाला लालसर पाणी येणे म्हणजे कांडी संपून बहुधा बरेच दिवस झाले.

हे सर्व गिझरना लागू आहे का?

नाही. तांब्याच्या टाकीला ही कांडी लागत नाही. प्लॅस्टिकच्या टाकीलाही नाही. स्टेनलेस स्टीलच्या काही टाक्यांत असते, काहींत नसते. गच्चीवरच्या सौर बंबाची टाकी लेपाची असेल तर तिच्यातही कांडी असते, आणि ती तर सहसा कोणी पाहतच नाही. आपल्या गिझरबरोबर आलेली पुस्तिका काढून टाकी कशाची आहे ते पहा. तिथेच हमीपत्रात कांडी वेळेवर बदलण्याची अट लिहिली आहे का, तेही वाचा. ती पाळली नाही तर टाकी गळल्यावर भरपाई नाकारली जाऊ शकते. खडा मात्र सर्वच टाक्यांत बसतो आणि कॉइल सर्वांचीच उलते.

धाकट्या दादांनी डिसेंबर २०२३ मध्ये नवी कॉइल, नवी कांडी आणि नवा वायसर घातला. मी त्यांना एकच सांगितले होते, बरोबर एक वर्षाने उघडून कांडी पहायची, जास्त थांबायचे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये उघडले तेव्हा कांडी जवळजवळ निम्मी झिजली होती. म्हणजे त्यांच्या बोअरवर तिचे आयुष्य दोन वर्षांचे. उत्तर मिळाले. आता ते दर दिवाळीपूर्वी खडा काढतात आणि एक दिवाळी सोडून कांडी बदलतात. वहिनींनी गिझरच्या आवरणावर रंगाने तारीख लिहून ठेवली आहे. थोरल्या दादांनीही नव्या गिझरची कांडी काढू दिलेली नाही. त्यांनी वरच्या टाकीला नवे झाकण घातले आणि वास पुन्हा आला नाही.

आजी बंब घाशी तशी आपण दिवाळीची साफसफाई करतोच. यंदा त्यात गिझरचे खालचे झाकणही उघडून घ्या, आणि कांडी किती उरली ते डोळ्यांनी पाहून तारीख लिहून ठेवा.